लांज्याच्या लाल मातीला चुना किती घालावा, आणि नागपूरच्या काळ्या मातीला तो का लागत नाही?

मृणाल_प्रतापनगर

नमस्कार. आम्ही नागपूरला राहतो, परंतु सासरची थोडी जमीन रत्नागिरी जिल्ह्यात लांजा तालुक्यात आहे. त्यातील २० गुंठ्यांच्या एका तुकड्यात पावसाळी भात आणि त्यानंतर भुईमूग घेतला जातो. भात बेताचा येतो, भुईमूग मात्र सतत निराशा करतो आहे. झाड खुरटे राहते आणि शेंगा वरून भरलेल्या दिसल्या तरी फोडल्यावर पोचट निघतात. यंदा मी स्वतः एक झाड हलक्या हाताने, मातीसकट उकरून पाण्यात धुऊन पाहिले. मुळे आखूड होती, टोकाशी जाड आणि तपकिरी झालेली होती. केसांसारखी बारीक मुळे जवळपास नव्हतीच, आणि गाठी शोधाव्या लागल्या.

माती तपासून घेतली. सामू ५.० आला, उपलब्ध स्फुरद कमी आला, आणि शिफारशीच्या रकान्यात "चुन्याचा वापर करावा" एवढेच लिहिले आहे. किती, कोणता आणि केव्हा यांविषयी एक अक्षरही नाही. तिकडच्या एका दुकानदाराने २० गुंठ्यांना एक टन कळीचा चुना टाकण्याचा सल्ला दिला आहे. येथे नागपूर परिसरात शेती करणाऱ्या नातेवाइकांना विचारले, तर त्यांच्या अहवालांत सामू आठच्या आसपास असतो आणि शेतात चुना टाकायचा ही कल्पनाच त्यांना विचित्र वाटते. माझे दोन प्रश्न आहेत. तिकडची माती अशी का होते? आणि त्या तुकड्याला चुना नेमका किती लागेल?

संत्रेवाला_काटोल

ताई, तुमचा धागा वेळेवर आला. माझ्या संत्र्याच्या बागेत नवी पालवी पिवळी पडते आहे. शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा होतो. आमच्याकडे एक जण म्हणाले होते की चुना दिल्याने पिवळेपणा जातो. एकरी किती चुना टाकावा हे येथेच कळले तर बरे होईल.

माती_वाचक

संत्रेवाले दादा, कृपा करून चुन्याचा कणही टाकू नका. काटोलकडच्या बऱ्याच जमिनींत चुनखडी आधीच भरपूर आहे. नव्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा हे लक्षण लोहाच्या कमतरतेचे असण्याची शक्यता मोठी आहे, आणि चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही ते मुळांना घेता येत नाही. तुम्ही विचारलेल्या उपायाने तुमचाच रोग वाढेल. आधी मातीतील मुक्त चुन्याचे प्रमाण तपासून घ्या.

मृणालताई, तुमच्याकडेही एक विनंती आहे: तो एक टन कळीचा चुना आत्ता टाकू नका. का, ते पुढे लिहितो. मी मृदा सर्वेक्षणाच्या कामात आयुष्य घालवले आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण दुसऱ्याचे उत्तर त्यातच दडलेले आहे.

नागपूरची काळी माती आणि रत्नागिरीचा जांभा ही बहुतांशी एकाच खडकाची लेकरे आहेत. सीताबर्डीच्या टेकडीचा काळा पाषाण आणि रत्नागिरीच्या सड्याखालचा काळा पाषाण दोन्ही दख्खनच्या बेसाल्टचे आहेत. त्या खडकात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सढळ असतात. फरक पडला तो पाण्याच्या हिशेबात. नागपुरात वर्षाला साधारण अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि आपल्या उन्हाळ्याची वाफ करण्याची ताकद त्याहून मोठी आहे. त्यामुळे खडकातून सुटलेला कॅल्शियम मातीबाहेर जात नाही. खाली थोडा सरकतो, पाणी आटले की चुनखडीच्या रूपात तेथेच बसतो. विहीर खणताना पांढरे खडे लागतात ते हेच. लांज्याकडे तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस चार महिन्यांत पडतो. त्या काळात मातीतून पाणी सतत खाली वाहत राहते आणि जाताना कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम घेऊन जाते.

येथे एक गैरसमज टाळावा. पावसाचे पाणी स्वतः फारसे आंबट नसते. हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळल्यामुळे त्याचा सामू ५.६ च्या आसपास असतो, एवढेच. खरे काम मातीच्या आत होते. मुळे आणि जिवाणू श्वास घेतात, त्यामुळे मातीतील हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो. तो पाण्यात मिसळून सौम्य आम्ल बनते. त्या आम्लातील हायड्रोजन मातीच्या कणाला चिकटलेल्या कॅल्शियमला हुसकावून त्याची जागा घेतो, आणि सुटा झालेला कॅल्शियम पाण्याबरोबर निघून जातो. ही क्रिया हजारो वर्षे चालली की कणांवर कॅल्शियम उरत नाही.

सामू पाचच्या जवळ आला की हे सौम्य आम्ल निष्प्रभ होते. तेथून पुढे गोष्ट अल्युमिनियमची आहे. मातीच्या खनिजांमधील अल्युमिनियम सामू ५.५ च्या खाली विरघळू लागतो, कणांना चिकटतो आणि मुळांच्या टोकांची वाढ थांबवतो. आखूड, जाड, तपकिरी मुळांचे जे वर्णन तुम्ही केले आहे ते माझ्या मते अल्युमिनियमचेच आहे. शेंगा पोचट राहण्याचे कारण त्याला जोडून आहे: भुईमुगाची शेंग आपला कॅल्शियम मुळाकडून घेत नाही, जमिनीत उतरलेली शेंग स्वतः भोवतालच्या मातीतून शोषते, आणि तेथे तो नाही.

सेंद्रिय_सुहास

काका, तुमच्या विवेचनाचा आदर ठेवून सांगतो की पावसावर सगळे ढकलणे मला पटत नाही. आमच्या आजोबांच्या काळी कोकणात तेवढाच पाऊस पडत होता आणि तरीही जमिनी पिकत होत्या. जमिनी आंबट झाल्या त्या युरिया आणि अमोनियम सल्फेटमुळे. ही खते बंद करून चार वर्षे भरपूर शेणखत द्यावे, चुन्याची गरज उरणार नाही.

माती_वाचक

सुहासराव, तुमच्या म्हणण्यातला अर्धा भाग खरा आहे आणि तो महत्त्वाचा आहे. अमोनियाच्या रूपातील नत्राचे जिवाणू नायट्रेटमध्ये रूपांतर करतात तेव्हा आम्ल तयार होते. १०० किलो अमोनियम सल्फेटने जे आम्ल निर्माण होते ते मारायला सुमारे ११० किलो शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट लागते. युरियाचे आम्ल त्याहून कमी असते. ४५ किलोच्या एका गोणीमागे साधारण ३७ किलो. पिकाने नायट्रेट उचलले तर हा भार कमी होतो, पावसाने वाहून गेले तर पूर्ण पडतो, आणि कोकणात ते वाहून जाण्याची शक्यता अधिक असते. म्हणजे खत आणि पाऊस हे एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत.

मात्र ज्या सड्यांवर कधी युरियाची मूठही पडली नाही, तेथील मातीही आम्लधर्मी आहे. युरियाने वेग वाढवला, पण सुरुवात त्याने केलेली नाही. शेणखताविषयी बोलायचे तर ते अल्युमिनियमला बांधून ठेवते आणि त्याचा विषारीपणा कमी करते, त्यामुळे ते द्यावेच. परंतु कणांवरून गेलेला कॅल्शियम त्या प्रमाणात परत आणण्याइतके शेणखत २० गुंठ्यांना मिळवायचे कोठून, हा प्रश्न तुम्ही सोडवून दाखवा.

सेंद्रिय_सुहास

पाच गाड्या शेणखत मिळवणे अशक्य नाही, इच्छा हवी. चुना घालून सवय लावली की तो दर काही वर्षांनी घालावाच लागतो, याचे उत्तर मात्र मिळाले नाही.

रसायन_शिक्षिका

मी नागपुरातील एका शाळेत रसायनशास्त्र शिकवते. काकांनी सांगितलेला फरक डोळ्यांनी पाहता येतो, म्हणून लिहिते. घरामागची काळी माती आणि कुंडीसाठी रत्नागिरीहून आणलेली लाल माती, दोन्ही वाळवून दोन काचेच्या बश्यांत ठेवल्या आणि प्रयोगशाळेतील सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले. काळ्या मातीतून लगेच चुरचुर आवाज आला आणि बारीक फेस उसळला. त्यातल्या एका पांढऱ्या खड्यावर थेंब पडला तेव्हा तर बुडबुडे बराच वेळ येत राहिले. लाल माती थेंब पिऊन शांत बसली. काळ्या मातीत चुनखडी शिल्लक आहे आणि लाल मातीत नाही, याचा याहून सोपा पुरावा नसेल. आम्ल हाताळताना हातमोजे आणि चष्मा मात्र विसरू नये.

धान_कुरखेडा

गडचिरोली जिल्ह्यातून लिहितो. आमच्या काही बांध्यांत, विशेषतः वरच्या हलक्या जमिनींत, सामू साडेपाचच्या आसपास येतो. मी दोन बांध्यांत चुना टाकून पाहिला होता. धानाला काडीचाही फरक पडला नाही. त्यामुळे हा सगळा खर्च वाया जातो असे माझे मत झाले आहे. चंद्रपूरकडे कोरपना-राजुऱ्याच्या भागात चुनखडीच्या खाणी आहेत, माल जवळ आहे, तरीही मी पुन्हा आणलेला नाही.

माती_वाचक

कुरखेड्याच्या दादांचा अनुभव अगदी योग्य आहे, निष्कर्ष तेवढा तपासून घ्यावा लागेल. बांधीत पाणी साचले की मातीतील हवा संपते. मग जिवाणू श्वासासाठी लोहाच्या ऑक्साइडचा उपयोग करतात आणि त्या क्रियेत हायड्रोजन खर्च होतो. त्यामुळे बुडालेल्या आम्लधर्मी मातीचा सामू काही आठवड्यांत स्वतःहून साडेसहा-सातकडे चढतो. धानाने स्वतःचा चुना स्वतःच मिळवला, असे म्हटले तरी चालेल. तुमचा चुना तेव्हा उपयोगी पडला नाही, कारण तेव्हा गरजच नव्हती.

बांधी सुकली की लोह पुन्हा गंजते आणि सामू मूळ जागी परततो. त्यानंतर तुम्ही लाखोळी, हरभरा किंवा उडीद पेरत असाल तर फरक त्या पिकात पाहायला हवा होता. मृणालताईंच्या तुकड्यातही हेच घडते आहे: भात सावरून घेतो आणि भुईमूग उघडा पडतो.

धान_कुरखेडा

उन्हाळ्यापूर्वी लाखोळी टाकतो, पण तिची तुलना कधी केली नव्हती. त्या दोन बांध्यांतला चुना अजून उरला असेल का?

माती_वाचक

केव्हा टाकला होता आणि किती, यावर ते अवलंबून आहे. दोन्ही बांध्यांची आणि शेजारच्या एका बांधीची माती सुकल्यावर तपासा.

लांजेकर

मी लांज्याचाच आहे. मृणालवहिनी, आमच्याकडे भाताच्या रोपवाटिकेत राब भाजतात हे तुम्ही पाहिले असेल. पालापाचोळा, शेण, टहाळे पसरून जाळायचे आणि त्यावर बी पेरायचे. माझे वडील म्हणायचे की राबाची राख जमिनीचा आंबटपणा मारते. चुनासुद्धा आम्ही विकत आणत नव्हतो. किनाऱ्याकडून शिंपल्यांचा भाजलेला चुना येत असे. तेव्हा जुन्या लोकांनी हे सगळे ओळखले होते, एवढेच सांगायचे आहे. राब पुरेसा असताना वहिनींनी बाजारातून चुना का आणावा?

माती_वाचक

राबाची राख खरोखर आम्ल मारते, कारण तिच्यात कॅल्शियम आणि पोटॅशियमची कार्बोनेटे असतात. पण राब वाफ्यापुरता असतो. आजूबाजूच्या रानातील टहाळे तोडून तुम्ही रानाचा कॅल्शियम एका वाफ्यात गोळा करता, आणि २० गुंठ्यांना तसे करायचे तर मोठे रान साफ होईल. राबाने रोपे जोमदार होण्यात उष्णतेने मेलेल्या तणाचा आणि मोकळ्या झालेल्या अन्नद्रव्यांचाही वाटा आहे. राखेचा सामूवरचा परिणाम त्यात नेमका किती, यावर मी पैज लावणार नाही.

शिंपल्यांचा चुना चांगलाच. न भाजलेले शिंपले कुटले तर ते कॅल्शियम कार्बोनेट आहे, आणि भाजले तर कळीचा चुना.

लांजेकर

राबाविषयी आपले जमणार नाही, काका. आमच्या वाफ्यातले रोप आणि शेजारच्या न भाजलेल्या वाफ्यातले रोप मी लहानपणापासून पाहत आलो आहे.

मृणाल_प्रतापनगर

सर्वांचे मनापासून आभार. काकांनी मला व्यक्तिगत निरोपात सुचवले होते की केवळ सामूवरून चुना ठरवू नये, कणांना चिकटलेला अल्युमिनियम मोजून घ्यावा. नमुना पुन्हा घेतला. तुकड्यात नागमोडी फिरून आठ-दहा जागी १५ सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती काढली, एकत्र मिसळली आणि सावलीत वाळवून दिली. अल्युमिनियम प्रतिकिलो १.२ सेंटिमोल आला आहे. आता या आकड्याचे काय करायचे?

माती_वाचक

ताई, सामूवर का थांबायचे नाही ते आधी पाहू. सामू फक्त पाण्यात सुटलेले आम्ल दाखवतो. कणांना चिकटलेले आम्ल त्याच्या कितीतरी पट असते, आणि चुना खर्च होतो तो ते मारण्यात. ५.० सामूच्या दोन मातींपैकी एकीला दुसरीपेक्षा तिप्पट चुना लागू शकतो. म्हणून प्रयोगशाळा एकतर चिकटलेला अल्युमिनियम मोजतात, किंवा ठरावीक सामूचे द्रावण मातीत मिसळून तो किती खाली येतो ते पाहतात. तुमच्याकडे पहिला आकडा आहे, तोच वापरू.

हिशेब असा आहे. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन साधारण २० लाख किलो धरतात. त्या थरातील प्रतिकिलो १ सेंटिमोल आम्ल मारायला हेक्टरी एक टन शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट लागते. हा आकडा लक्षात ठेवायला सोपा आहे. पण मातीत चुना पडल्यावर तो अल्युमिनियमव्यतिरिक्त इतर आम्लांवरही खर्च होतो, म्हणून अल्युमिनियमच्या आकड्याला दीडने गुणतात. तुमचे १.२ गुणिले दीड म्हणजे १.८, अर्थात हेक्टरी १.८ टन. २० गुंठे म्हणजे हेक्टरचा साधारण पाचवा भाग, म्हणजे ३६० किलो शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट.

आता दुकानदाराच्या सल्ल्याकडे पाहा. कळीचा चुना कार्बोनेटपेक्षा तीव्र असतो. शुद्ध असेल तर त्याचे १०० किलो सुमारे १७९ किलो कार्बोनेटचे काम करतात. त्याचा एक टन म्हणजे १,७९० किलो, तुमच्या गरजेच्या पाचपट. जांभ्याच्या मातीला आम्ल धरून ठेवण्याची ताकद कमी असते, त्यामुळे सामू एकदम सातच्या पुढे उडी मारू शकतो. मग जस्त, बोरॉन, मँगनीज आणि लोह पिकाला मिळेनासे होतील, आणि संत्रेवाल्या दादांचा रोग तुम्ही लांज्यात आणाल. अशा मातीचा सामू सातवर नेण्याचा हट्ट धरू नये. अल्युमिनियम निष्प्रभ होण्यापुरता, म्हणजे साडेपाच ते सहापर्यंत नेला की पुरे.

रसायन_शिक्षिका

काका, विकत मिळणारी भुकटी शुद्ध नसते. आमच्या प्रयोगशाळेत ती तपासणे सोपे आहे, म्हणून ताईंना मदत होईल असे वाटते. १ ग्रॅम भुकटीत अर्ध्या नॉर्मलचे हायड्रोक्लोरिक आम्ल ५० मिलिलिटर घालून हलके उकळायचे, थंड झाल्यावर फिनॉल्फ्थॅलीन टाकून अर्ध्या नॉर्मलच्या सोडियम हायड्रॉक्साइडने उरलेले आम्ल मोजायचे. भुकटी पूर्ण शुद्ध असेल तर १० मिलिलिटर लागतात. १८ लागले तर भुकटीची ताकद ८० टक्के आहे असे समजायचे.

आणखी एक शंका आहे. माझ्या ओळखीतले काही शेतकरी चुन्याऐवजी जिप्सम वापरा असे सांगतात, कारण त्यातही कॅल्शियमच आहे. ते चालेल का?

माती_वाचक

परीक्षण उत्तम. जिप्समविषयी सांगायचे तर आम्ल मारण्याचे काम कॅल्शियम करत नाही, त्याच्यासोबतचे कार्बोनेट करते. कार्बोनेट हायड्रोजनशी मिळून पाणी आणि वायू होतो, अल्युमिनियम अविद्राव्य होऊन बसतो, आणि रिकाम्या झालेल्या जागा कॅल्शियम घेतो. जिप्सममध्ये कार्बोनेटऐवजी सल्फेट आहे, त्यामुळे सामू हलत नाही. तरीही भुईमूग फुलावर असताना झाडाभोवती जिप्सम दिल्यास शेंगांना कॅल्शियम मिळतो, आणि ते पाण्यात अधिक विरघळत असल्याने खालच्या थरापर्यंत पोहोचते. म्हणून ते चुन्याच्या जोडीला ठेवता येईल. त्याच्या जागी नव्हे.

मृणाल_प्रतापनगर

शिक्षिकाताईंनी भुकटी तपासून दिली, त्यांचे ऋण मानते. उत्तर १८ मिलिलिटरच आले, म्हणजे ८० टक्के. भुकटी साठ नंबरच्या चाळणीतून चाळली तेव्हा चौथा हिस्सा वर राहिला.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती का, ते मला कळत नाही. आमच्या त्या तुकड्यात जांभ्याचे खडे फार आहेत. माती वाळवून चाळणीवर घेतली, तर वजनाने तिसरा हिस्सा खडेच निघतात.

माती_वाचक

ताई, हे फार उपयोगी सांगितलेत. प्रयोगशाळा २ मिलिमीटरच्या चाळणीतून पडलेलीच माती तपासते, त्यामुळे १.२ हा आकडा बारीक मातीचा आहे. खड्यांना चुना लागत नाही. हेक्टरच्या थराचे २० लाख किलो आपण सगळी बारीक माती समजून धरले होते. तिसरा हिस्सा खडे असतील तर ३६० ऐवजी २४० किलो शुद्ध कार्बोनेट धरा.

भुकटीची ताकद ८० टक्के, म्हणून २४० भागिले ०.८, म्हणजे ३०० किलो. जाड कण संथ विरघळतात; त्या चौथ्या हिश्शाचे निम्मेच काम लवकर होईल असे धरले, तर ३०० चे सुमारे ३४३ होतात. साडेतीन क्विंटल भुकटी धरा. दुकानदाराचा कळीचा चुना आता गरजेच्या सातपटीहून अधिक ठरतो.

भात काढल्यावर, जमिनीत ओल असताना, भुकटी सारखी पसरून वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये नांगर-कुळवाने मिसळा. चुना स्वतः फार सरकत नाही, ज्या कणाला लागेल तेथेच काम करतो, म्हणून मिसळणे हे अर्धे काम आहे. पेरणीआधी तीन-चार आठवडे मिळावेत. याच सुमारास युरिया किंवा अमोनियम सल्फेट चुन्यासोबत देऊ नका, अमोनिया वायू होऊन उडून जाईल.

लांजेकर

भात काढून भुईमूग पेरायला आमच्याकडे तेवढा वेळ मिळत नाही, काका. ओल उडून जाते. भुईमूग पेरतानाच सरीत थोडा-थोडा चुना दिला तर चालणार नाही का? हेक्टरी तीन-चार क्विंटल दरवर्षी, असे मी ऐकले आहे.

माती_वाचक

चालेल. पूर्ण गरजेच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा चुना दर हंगामात सरीत देण्याची पद्धत आपल्या देशातील आम्लधर्मी जमिनींसाठी सुचवलेली आहे, आणि हेक्टरी दोन ते चार क्विंटल हा तिचाच आकडा आहे. खर्च एकदम पडत नाही. तोटा असा की मुळे सरीपुरती सुखी राहतात आणि सरीबाहेर गेली की पुन्हा अल्युमिनियममध्ये शिरतात. मृणालताईंच्या मुळांची अवस्था पाहता मी एकदा पूर्ण मात्रा द्यावी या मताचा आहे.

लांजेकर

मी असतो तर सरीतच दिला असता. एकदम सगळा टाकून तीन वर्षांत पावसाने धुऊन नेला, तर हातात काय राहिले?

सेंद्रिय_सुहास

हेच मी सुरुवातीला विचारले होते.

माती_वाचक

रास्त प्रश्न आहे. चुना टिकतो तो पाऊस, खत आणि पीक यांच्या ओढीवर. तुमच्याकडे एकदा दिलेली मात्रा तीन ते पाच वर्षे काम करेल असे धरून चालावे, आणि त्या तुकड्यात अमोनियम सल्फेट वापरत असाल तर कमी. शेणखताने हा काळ वाढतो. सुहासरावांचे म्हणणे येथे धरून ठेवावे, फक्त चुन्याला पर्याय म्हणून नव्हे.

संत्रेवाला_काटोल

काका, तुमच्या सांगण्यावरून बागेतल्या दोन ठिकाणची माती बाईंनी सांगितल्याप्रमाणे आम्ल टाकून पाहिली. वरची माती थोडी फसफसली, हातभर खालची माती तर उकळल्यासारखी उसळली. तपासणीत मुक्त चुना १२ टक्के निघाला. चुना टाकण्याचा विचार सोडला आहे. आता लोहाची फवारणी करावी की जमिनीतून द्यावे?

माती_वाचक

एवढ्या चुनखडीत साधे हिराकस जमिनीतून दिले तर ते पुन्हा तेथेच अडकेल. फवारणीपासून सुरुवात करा, आणि यासाठी वेगळा धागा काढा. येथे ताईंचा प्रश्न मागे पडेल.

मृणाल_प्रतापनगर

आम्ही ठरवले आहे. तुकड्याचे दोन भाग करू: १२ गुंठ्यांत काकांच्या हिशेबाने पूर्ण मात्रा, म्हणजे साधारण दोन क्विंटल १० किलो, भात कापल्याबरोबर मिसळून, ६ गुंठ्यांत लांजेकर भाऊंच्या पद्धतीने सरीत, आणि उरलेले २ गुंठे काहीही न घालता. शेणखत तिन्ही भागांत सारखे देऊ. फुलावर आल्यावर पूर्ण मात्रेच्या भागातील निम्म्या सऱ्यांना जिप्सम देता येईल का, हे विचारायचे आहे.

माती_वाचक

द्या, पण कोणत्या सऱ्यांना दिले ते खुंट ठोकून लिहून ठेवा. काढणीनंतर प्रत्येक भागातील मूठभर शेंगा फोडून पोचट आणि भरलेल्या वेगळ्या मोजा, आणि दोन-दोन झाडे पुन्हा पाण्यात धुऊन मुळांची टोके पाहा. सामू आणि अल्युमिनियमची तपासणी पुढच्या भाताची कापणी होऊन बांधी पूर्ण सुकल्यावरच करा. ओल्या बांधीतला आकडा फसवेल.

लांजेकर

वहिनी, चुना मिसळायच्या दिवशी कळवा. मी गावातच आहे, सऱ्यांचे काम माझ्याकडून होईल.